स्कोअर देऊनही सगळंच वर येतं: इम्पॅक्ट-एफर्टच्या तक्त्यातली बरोबरी कशी फोडायची

नव्या प्रॉडक्ट ओनरकडून ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते: "बॅकलॉगमधल्या चाळीसच्या चाळीस कामांना इम्पॅक्ट आणि एफर्ट दिले, भागाकार केला, लावून बघितलं. वरची वीस कामं बरोबरीत! मग मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम वर." महिनाभराने पुन्हा स्कोअर दिले तरी तेच. काही जणांना याच्या उलट अनुभव येतो. बरोबरी होत नाही, पण बटणाचा रंग बदलणं, बिलाचा फाँट मोठा करणं अशी किरकोळ कामं कायम डोक्यावर बसतात आणि मोठं काम वर येतच नाही.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, मोजपट्टीत. मी ते एका खऱ्या बॅकलॉगवर दाखवतो. आकडे गोल केलेत, पण कामं खरी आहेत. प्रॉडक्ट आहे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठीचं हिशोबाचं सॉफ्टवेअर. हळदीचे सौदे झाले की लॉटचं वजन आणि भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा करायची, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद, काढायची आणि खरेदीदाराच्या नावावर येणं चढवायचं. अशी साठेक दुकानं ते वापरतात. प्रॉडक्ट ओनर आधी सपोर्टला होती, म्हणजे दुकानदारांची प्रत्येक तक्रार तिला तोंडपाठ. तिच्या तक्त्याचं दुखणं बऱ्याच अंशी तेच होतं: प्रत्येक तक्रारीमागचा माणूस आठवतो, मग कुणाला कमी गुण द्यायला हात धजत नाही.

आधी रोग ओळखा

बॅकलॉग शीटमध्ये असेल, बी स्तंभात इम्पॅक्ट, सी मध्ये एफर्ट आणि डी मध्ये भागाकार असेल, तर गूगल शीट्समध्ये ही दोन सूत्रं टाका:

```
=COUNTUNIQUE(D2:D41)
=COUNTIF(B2:B41,">=4")/COUNTA(B2:B41)
```

पहिलं सूत्र सांगतं की चाळीस कामांना मिळून वेगवेगळे स्कोअर किती आहेत. आमच्या तक्त्यात चाळीस कामांना फक्त सहा स्कोअर होते. दुसरं सांगतं की किती कामांना इम्पॅक्ट ४ किंवा ५ मिळालाय. हा आकडा ०.५ च्या वर गेला, म्हणजे निम्म्याहून जास्त कामं 'फार महत्त्वाची' निघाली, की समजावं, तिथं इम्पॅक्टच्या नावाखाली फक्त मागणी किती जोराची आहे ते उतरवलंय.

हे का होतं ते गणितातच दिसतं. १ ते ५ ची मोजपट्टी दिली की माणसं १ आणि २ देतच नाहीत. इम्पॅक्ट १ असलेलं काम बॅकलॉगमध्ये आलंच कशाला असतं, असं प्रत्येकाला वाटतं. एफर्टलाही १ द्यायला डेव्हलपर बिचकतात आणि ५ दिला तर काम मागे पडेल म्हणून तोही टाळतात. शेवटी उरतं काय? इम्पॅक्ट ४ किंवा ५, एफर्ट २ किंवा ३. यातून भागाकार चारच निघतात: २.५, २, १.६७ आणि १.३३. चाळीस कामं चार खोक्यांत टाकलीत तर प्रत्येक खोक्यात गर्दी होणारच.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. आमच्या यादीतलं सगळ्यात छोटं काम अर्ध्या दिवसाचं होतं आणि सगळ्यात मोठं चाळीस दिवसांचं. म्हणजे खरा फरक ऐंशीपट. १ ते ५ च्या मोजपट्टीत तो पाचपट दिसतो. मोठी कामं कागदावर फुकटात स्वस्त होतात, म्हणून 'वजनकाटा जोडणी' आणि 'पट्टी व्हॉट्सॲपवर' ही कामं शेजारी येऊन बसतात. काही जण हे ओळखून एफर्ट थेट दिवसांत लिहायला लागतात, पण इम्पॅक्ट मात्र १ ते ५ च ठेवतात. मग उलटा रोग होतो. अर्ध्या दिवसाच्या कामाला इम्पॅक्ट २ दिला तरी स्कोअर ४, आणि वीस दिवसांच्या कामाला पैकीच्या पैकी ५ दिले तरी ०.२५. किरकोळ कामं डोक्यावर बसण्याचं कारण हेच. एक बाजू क्विंटलमध्ये आणि दुसरी बोटांवर मोजली तर कुठलाही हिशोब जुळत नाही.

उपाय: इम्पॅक्ट एकाच उद्दिष्टावर आणि मोजता येईल अशा एककात

'इम्पॅक्ट' हा शब्द मोकळा सोडला की विक्रीवाल्याला त्यात नवीन गिऱ्हाईक दिसतं, सपोर्टला कमी फोन दिसतात आणि मालकांना शेजारच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेलं फीचर. तिघंही ५ देतात, पण तीन वेगवेगळ्या प्रश्नांना. म्हणून पुढच्या तीन महिन्यांचं उद्दिष्ट आधी एका वाक्यात लिहा आणि तेवढ्यापुरताच इम्पॅक्ट मोजा. आमचं वाक्य असं होतं: नव्या हळदीची आवक फेब्रुवारीत वाढायच्या आत दुकानाचा पट्टीवर जाणारा वेळ कमी करायचा.

मग एकक आपोआप ठरतं: सगळ्या दुकानांचे मिळून महिन्याला वाचणारे तास. किती दुकानांना उपयोग, दिवसात किती वेळा, दर वेळी किती मिनिटं, महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस. गुणाकार करा आणि साठने भागा. एफर्ट मनुष्यदिवसांत, पण नेमका नाही. १, २, ४, ८, १६, ३२ यांपैकी एक आकडा निवडायचा. अंदाज मुळातच ढोबळ असतो. 'अकरा दिवस की तेरा' यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण आठ की सोळा हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

एफर्टचा आकडा प्रॉडक्ट ओनरने द्यायचा नाही, डेव्हलपर आणि टेस्टिंग करणाऱ्यांनी द्यायचा. त्यात कोड लिहिण्याबरोबर टेस्टिंग, जुन्या डेटाची दुरुस्ती आणि दुकानात जाऊन शिकवण्याचे दिवसही धरायचे. आमच्याकडे हे शेवटचे दिवस कायम विसरले जायचे. हंगामात दिवाणजीला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा त्याला नवीन स्क्रीन शिकवायला एक फेरी पुरत नाही.

जुन्या तक्त्यात बरोबरीत बसलेली पाच कामं नव्या मोजपट्टीवर अशी आली:

| काम | जुना स्कोअर | तास/महिना | दिवस | नवा स्कोअर |
|---|---|---|---|---|
| पट्टी व्हॉट्सॲपवर | ५/३ = १.६७ | ५६२ | १६ | ३५ |
| वजनकाटा थेट जोडणी | ५/३ = १.६७ | १३३ | ३२ | ४ |
| नेट गेल्यावरही चालणं | ५/३ = १.६७ | २४० | ३२ | ७.५ |
| लॉटनिहाय हमाली-तोलाई | ४/२ = २ | १२५ | ४ | ३१ |
| छापलेल्या पट्टीची दुरुस्ती | ४/२ = २ | ७५ | २ | ३७.५ |

दोन आकडे कसे आले ते सांगतो, बाकीचे तसेच आहेत. व्हॉट्सॲपच्या कामात पंचेचाळीस दुकानं, दिवसाला पंधरा पट्ट्या आणि दर पट्टीमागे फोटो काढून पाठवण्याची दोन मिनिटं धरली. ४५ × १५ × २५ × २ भागिले ६० म्हणजे ५६२ तास. वजनकाट्याचं काम बोलताना सगळ्यात भारी वाटायचं. साहेबांचंही ते लाडकं होतं. पण संगणकाला जोडता येईल असा इलेक्ट्रॉनिक काटा साठातल्या आठच दुकानांत होता. त्या दुकानांत दिवसाला चाळीस लॉट आणि लॉटमागे एक मिनिट धरलं तर १३३ तास. वर काटे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. सगळे जोडायचे आरएस-२३२ च्या वायरनेच, पण तिच्यातून वजन कुठल्या साच्यात येतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून ३२ दिवस. जुन्या तक्त्यात व्हॉट्सॲप आणि काटा एकाच पायरीवर होते, नव्यात त्यांच्यात जवळजवळ नऊपट फरक पडला.

आता वरच्या तिघांचं काय?

३७.५, ३५ आणि ३१. इथे बहुतेक नवे प्रॉडक्ट ओनर शीट उतरत्या क्रमाने लावतात आणि तोच क्रम टीमला देतात. तसं करू नका. अंदाज दुपटीच्या पायऱ्यांवर घेतलेत, त्यामुळे दोन स्कोअरमध्ये दुपटीपेक्षा कमी फरक असेल तर ती बरोबरीच धरायची. ३७.५ आणि ३१ यांत काही फरक नाही. ७.५ आणि ३५ यांत आहे. म्हणजे तक्त्याने आपल्याला एकदम क्रम दिला नाही, पण चाळीस कामांचं भांडण तीन कामांवर आणलं. तक्त्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

या तिघांत पुढचा प्रश्न असा: कुठला एक आकडा चुकला तर क्रम उलटेल? तोच आकडा तपासायचा, बाकीचे सोडून द्यायचे. हमाली-तोलाईचे आणि पट्टी-दुरुस्तीचे आकडे सपोर्टच्या फोनच्या नोंदींवरून आले होते, ते बऱ्यापैकी भरवशाचे. व्हॉट्सॲपचे 'दिवसाला पंधरा' मात्र कुठूनच आले नव्हते. दिवसाला साधारण पंधरा पट्ट्या निघतात हे माहीत होतं. त्या सगळ्या पाठवल्या जातात, हे गृहीत धरलं होतं.

ते तपासायला फार काही लागत नाही. सौदे संपल्यावर दुपारी एका अडत दुकानात काउंटरच्या मागे बसायचं. दिवाणजी पट्टी काढतो, छापतो आणि शेतकरी समोर असेल तर हातात देतो. त्या दुपारी निघालेल्या पट्ट्यांतल्या मोजक्याच फोटो काढून पाठवल्या गेल्या. विचारलं तर दिवाणजी म्हणाले, "सगळे कुठं मागतात ओ? माल टेम्पोवाल्याबरोबर धाडलेला असला की मग फोन येतो, पट्टी टाका म्हणून. स्वतः आलेला माणूस कागद खिशात घालून जातो." आणखी दोन दुकानांतही असंच चित्र दिसलं. पंधराच्या जागी पाच धरले की ५६२ तासांचे १८७ होतात आणि स्कोअर ३५ वरून १२ वर येतो.

आता चित्र स्पष्ट झालं. हमाली-तोलाई आणि पट्टी-दुरुस्ती वर, व्हॉट्सॲप त्यांच्या खाली. व्हॉट्सॲप (१२) आणि नेट गेल्यावर चालणं (७.५) यांत दुपटीपेक्षा कमी फरक आहे, म्हणजे पुन्हा बरोबरी. ती फोडायला स्कोअर लागला नाही, कॅलेंडर पुरलं. बत्तीस दिवसांचं काम फेब्रुवारीच्या आत संपणार नव्हतं आणि भर हंगामात अर्धवट ऑफलाइन मोड दुकानात सोडण्याची कुणाची हिंमत नव्हती.

शिवाय एक अवलंबन होतं, ते तक्त्यात दिसत नाही. चुकलेली पट्टी दुरुस्त करून 'सुधारित' म्हणून काढायची सोय आधी हवी, व्हॉट्सॲप त्यानंतर. नाहीतर चुकीची पट्टी शेतकऱ्याच्या फोनवर जाते, तो ती गावात चार जणांना दाखवतो आणि दुकानदार आपल्याला फोन करतो. म्हणून पट्टी-दुरुस्ती आणि हमाली-तोलाई एकाच आठवड्यात घेतली. दोन्ही कामं वजावटीच्या त्याच कोडला हात लावतात, टेस्टिंगही एकदाच होतं. व्हॉट्सॲपचा संदेशाचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो, तो अर्ज मात्र पहिल्याच दिवशी टाकला, कारण त्यात आपला वेळ जात नाही, फक्त वाट बघावी लागते.

जे तक्त्यात घालायचंच नाही

काही कामांना स्कोअर देण्यात अर्थ नसतो. ई-इन्व्हॉइसचं घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यापाऱ्यांना ते बंधनकारक झालं. असं काम 'किती तास वाचतील' या प्रश्नावर नापासच होणार, उलट दुकानाचे चार तास वाढतील. तरी ते तारखेच्या आत करावंच लागतं. अशी कामं वेगळ्या रकान्यात, समोर तारीख लिहून ठेवायची आणि तारखेपासून मागे मोजून कधी सुरू करायचं ते ठरवायचं. त्यांना मुद्दाम इम्पॅक्ट ५ देऊन वर ढकललं की मोजपट्टी बिघडते आणि पुढच्या वेळी दुसरं कुणी आपलं काम त्याच वाटेने वर आणतं.

सुरक्षेच्या आणि डेटा जाण्याच्या बगचंही तसंच. त्यांना रांग नाही.

तिसरा प्रकार जरा नाजूक: साहेबांचं काम. मोठ्या दुकानाच्या शेठनी साहेबांना लग्नात गाठलं आणि वजनकाटा मागितला, आता तो झालाच पाहिजे. इथे नवे प्रॉडक्ट ओनर दोन चुकांपैकी एक करतात. एकतर साहेबांशी वाद घालतात, नाहीतर गुपचूप इम्पॅक्ट वाढवून स्कोअर जुळवून घेतात. दुसरी जास्त घातक, कारण तक्ता खोटा झाल्याचं टीमला लगेच कळतं आणि नंतर कुणी मनापासून आकडे देत नाही. स्क्रम गाइडप्रमाणे प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते. तिच्या निर्णयांचा मान संस्थेने ठेवावा असंही तिथे म्हटलंय. छोट्या कंपनीत हे किती चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून मधला मार्ग: स्कोअर ४ तसाच ठेवायचा, शेजारी 'स्कोअर बाजूला ठेवून घेतलं' असा रकाना करायचा, त्यात कोणी आणि का ते लिहायचं, आणि साहेबांना एकच वाक्य सांगायचं: "सर, काटा आत्ता घेतला तर हमाली-तोलाई आणि व्हॉट्सॲप दोन्ही हंगामानंतर जातील, चालेल?" आमच्याकडे चाललं नाही. काट्याचं काम दिवाळीपर्यंत मागे गेलं. तुमच्याकडे 'चालेल' असं उत्तर आलं तर तेही ठीक, निदान बदल्यात काय गेलं ते लिहिलेलं राहील.

महिन्याभरात पुन्हा तीच गर्दी का होते

स्कोअरिंग एकदा नीट केलं तरी थोड्या दिवसांत नवीन कामांचे आकडे फुगलेले दिसायला लागतात. कारण साधं आहे. जुनी कामं एका बैठकीत, सगळी शेजारी ठेवून मोजली होती. नवीन काम आलं की ते एकटंच, फोन ठेवल्या-ठेवल्या, तापलेल्या डोक्याने मोजलं जातं. यावर उपाय म्हणजे पूर्ण झालेली तीन कामं कायम शीटच्या वर पिन करून ठेवायची: एक दोन दिवसांचं, एक आठ दिवसांचं, एक बत्तीस दिवसांचं. आकडे अंदाजाचे नकोत, प्रत्यक्ष लागलेल्या दिवसांचे हवेत. नवीन कामाचा एफर्ट विचारताना 'किती दिवस लागतील' असं विचारायचं नाही. 'हे हमाली-तोलाईपेक्षा मोठं की लहान' असं विचारायचं. आमच्याकडे हमाली-तोलाईचे ४ दिवस धरले होते, प्रत्यक्षात ७ गेले, म्हणून आता तेच आठाच्या पायरीचा नमुना आहे.

आकडे भरताना स्कोअरचा स्तंभ लपवून ठेवा. शीटमध्ये स्तंभावर राइट-क्लिक करून `Hide column`. स्कोअर डोळ्यासमोर असला की माणूस आधी उत्तर बघतो आणि मग ते येईल असा आकडा टाकतो. सपोर्टवाल्यांनी तास भरायचे, डेव्हलपरनी दिवस भरायचे, एकमेकांचे आकडे न बघता. स्तंभ उघडल्यावर कुणी "थांबा, याचा इम्पॅक्ट जरा वाढवू या" म्हणालं तर वाढवायला हरकत नाही, पण दुकानं, वेळा आणि मिनिटं या तिघांपैकी काय बदललं ते सांगून.

आणि चाळीसच्या चाळीस कामांचे तास मोजत बसू नका. उद्दिष्टाचं वाक्य समोर ठेवून आधी प्रत्येक कामाला 'याचा संबंध आहे का' एवढंच विचारा. आमच्या चाळिसांतली बारा कामं उरली आणि तेवढ्यांचीच मोजणी केली. कोल्ड स्टोरेजच्या भाड्याची पावती हे काम चांगलं होतं, बेदाण्याच्या दुकानदारांना हवंही होतं, पण हळदीच्या पट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. ते बाजूला ठेवलं. पुढच्या तिमाहीचं उद्दिष्ट बेदाण्याचं असेल तेव्हा त्याचे तास त्याच्या एककात मोजू.

या पद्धतीची एक मर्यादा आमच्या तक्त्यातच दिसते. नेट गेल्यावर सौद्याच्या गर्दीत दुकान बंद पडतं, तेव्हा गेलेला एक तास आणि निवांत दुपारी वाचलेला एक तास सारखा नसतो. त्या तासाला चिडून दुकानदार सॉफ्टवेअर बदलतो. तासांच्या एककात हे येत नाही आणि गुणक लावून ते ओढून-ताणून आणायचा प्रयत्नही करू नये. सपोर्टच्या नोंदींत 'बंद करणार' असं म्हणणाऱ्या दुकानांची संख्या वाढायला लागली, तर उद्दिष्टाचं वाक्यच बदलायला हवं: दुकानं टिकवणं. मग एकक होईल सोडून जाऊ शकणारी दुकानं, आणि आज ७.५ वर बसलेलं ऑफलाइनचं काम त्या मोजपट्टीवर बहुतेक पहिलं येईल.